आवाज न करणारा टॅपेट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये दुचाक्या आणि शेतीची लहान इंजिनं दुरुस्त होतात. शेड मामांची. त्यांची भाची आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन हात काळे करते. चार-स्ट्रोक इंजिनाचे टॅपेट कानाने लावायचे की फिलर गेजने, हा दोघांमधला जुना वाद आहे. त्या दिवशी तो नुसता तोंडी राहिला नाही, कारण समोर एक खरं इंजिन होतं : नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा पाणी उपसायचा पंप, त्यावर होंडाचं जीएक्स 160. एक सिलिंडर, 163 सीसी, हवेवर थंड होणारं, दोन व्हॉल्व्ह, पुशरॉड आणि रॉकर. शेतकऱ्याची तक्रार अशी होती की सकाळी पाच-सहा वेळा दोरी ओढल्यावर इंजिन कसंबसं सुरू होतं. तासभर चालून तापलं की बंद केल्यावर पुन्हा उठत नाही, आणि पाण्याचा मारा कमी झालाय. आदल्या आठवड्यात कार्बोरेटर साफ झाला होता, प्लगही नवा होता.

मामा : आवाज ऐकलास ना काल संध्याकाळी? एकदम स्वच्छ. टकटक नाही, खडखड नाही. टॅपेटचं काम नाही हे. मला विचारशील तर पेट्रोलच्या टाकीत पाणी आहे.

भाची : मामा, आवाज स्वच्छ आहे म्हणूनच मला टॅपेटची शंका येतेय.

मामा : हे काय उलटंच? टॅपेट बिघडला की आवाज करतो. चाळीस वर्षं हेच ऐकतोय मी.

भाची : सैल झाला की आवाज करतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये फट जास्त झाली की रॉकर दरवेळी दांडीवर येऊन आपटतो, ते तुमच्या कानाला लगेच कळतं. त्यात तुमच्याइतका पक्का कान मी दुसरा पाहिला नाही. पण फट कमी झाली तर? आपटायला जागाच उरत नाही. फट जितकी कमी, तितकं इंजिन शांत. पूर्ण बंद झाली की सगळ्यात शांत.

मामा : शांत चाललं तर बिघडलं कुठे?

भाची : फट संपली म्हणजे रॉकर व्हॉल्व्हला कायम दाबून धरतो. व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. मग कॉम्प्रेशन गळतं, इंजिन जोर धरत नाही आणि तापलं की सुरू होत नाही. शेतकऱ्याने नेमकं हेच सांगितलंय.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. दुचाकीच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ‘टॅपेट वाजतोय, बंद करा.’ मिस्त्री लॉकनट सैल करतो, स्क्रू थोडा आत घेतो, आवाज बंद. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. कुणीच काही मोजलेलं नसतं. आवाज मिटवण्यासाठी टॅपेट घट्ट करणं हा माझ्या मते गॅरेजमधला सगळ्यात महागडा उपकार आहे, कारण त्याचं बिल काही महिन्यांनी जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या रूपाने येतं आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही.

मामा : बरं, मला एक सांग. बुलेट. जुनी, लोखंडी बॅरलची. आयुष्यात शेकडो बुलेटचे टॅपेट लावले मी, एकदाही फिलर गेज लावलं नाही. गार इंजिन, टॉपवर आणायचं, उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढायचं, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. झालं सेटिंग. त्या गाड्या आजही पळतायत.

भाची : ते अगदी बरोबर आहे, आणि कंपनीनेच तसं सांगितलंय. त्या इंजिनात गार असताना फट शून्य ठेवायची असते. शून्य मोजायला पान कशाला लागेल? तिथे बोट हेच गेज. तापल्यावर बॅरल आणि हेड वाढून उंच होतात आणि लागते तेवढी फट आपोआप पडते, असा हिशोब त्या इंजिनाचा आहे. पण ती सवय या इंजिनाला लावली की घात होतो. याच्या पुस्तकात इनटेकला 0.15 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला 0.20 मिलिमीटर दिलंय, दोन्हीकडे 0.02 कमी-जास्त चालेल, आणि इंजिन गार हवं. इथे पुशरॉड ‘नुसता फिरतोय’ असं लावलं, तर एक्झॉस्टची सगळी फट तुम्ही खाल्लीत.

मामा : आणि नंतरच्या काही बुलेटला तर सेटिंगच नाही.

भाची : हो, 2008-09 नंतरच्या यूसीई इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले. तेलाच्या दाबाने ते स्वतःच फट भरून काढतात. म्हणजे एकाच नावाच्या गाडीत आधी बोटाने, नंतर काहीच नाही. मग प्रत्येक इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातून घ्यावा की नको?

मामा : आकडा घे, माझं काही म्हणणं नाही. पण केसाएवढ्या फटीत 0.15 की 0.20, एवढा फरक पडतो हे मला पटवून दे. इंजिन काय घड्याळ आहे?

भाची : सांगते. व्हॉल्व्हची दांडी साठ मिलिमीटर लांब धरा. ती सरासरी तीनशे अंशांनी तापली तर पोलादाच्या जातीनुसार 0.2 ते 0.3 मिलिमीटर वाढते. म्हणजे आपण ज्या फटीबद्दल बोलतोय, तिच्याएवढी किंवा तिच्याहून जास्त वाढ एकट्या दांडीचीच होते. त्याच वेळी ॲल्युमिनियमचं हेड आणि ब्लॉकही वाढतात, आणि ते पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट वाढतात. त्यामुळे कॅम आणि रॉकर यांच्यातलं अंतर वाढतं आणि फट थोडी परत मिळते. ही ओढाताण प्रत्येक इंजिनात वेगळी असते. म्हणून हा आकडा कुणी अंदाजाने काढत नाही, इंजिन तापवून, चालवून, तपासून कंपनी ठरवते. एक्झॉस्टचा आकडा मोठा असतो, कारण जळलेला वायू त्याच्या अंगावरून जातो. इनटेकला निदान दर खेपेला ताजी गार हवा लागते.

मामा : आणि फट संपली की लगेच जळतो व्हॉल्व्ह?

भाची : लगेच नाही, पण सुरुवात तिथे होते. व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता कुठून बाहेर जाते माहितेय? सीटमधून. चक्राचा जवळजवळ दोन तृतीयांश वेळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर बसलेला असतो. तेवढ्या वेळात तो आपली उष्णता हेडला देतो, आणि हेडच्या पाकळ्यांवरून ती हवेत जाते. रॉकरने त्याला कणभरही उचलून धरलं, तर ही वाट बंद होते. वर स्फोटाच्या वेळी जळता वायू त्याच बारीक फटीतून जोराने निसटतो. एका बाजूने गारवा थांबला, दुसऱ्या बाजूने आग लागली. कडेला आधी एक बारीक खाच पडते, मग वायू तिथूनच जास्त जातो आणि खाच मोठी होत जाते. या पायरीला आलेला व्हॉल्व्ह टॅपेट लावून सुधारत नाही. हेड उतरवावं लागतं.

मामा : पण फट आपोआप कमी कशी होईल? सगळे भाग झिजतात. झिजले की सैलच होणार.

मामांचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जवळजवळ प्रत्येक जाणता माणूस इथे अडतो. झीज म्हणजे ढिलेपणा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

भाची : कुठला भाग झिजला त्यावर आहे, मामा. कॅमचा माथा, पुशरॉडची टोकं, रॉकर हे झिजले की फट वाढते, तुमचं बरोबर. पण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट एकमेकांवर आपटून झिजली, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसायला लागतो. तो हेडमध्ये जितका वर सरकेल, तितकी त्याच्या दांडीची शेंडी रॉकरकडे पुढे येईल. म्हणजे फट कमी. हे इंजिन 3600 फेऱ्यांनी चाललं तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1800 वेळा उघडतो आणि बसतो. तीनशे तासांत तीन कोटी चोवीस लाख वेळा. दर खेपेला झीज काही दिसणारी नाही, पण आपली सगळी फटच 0.20 आहे. त्यात इंजिन जास्त तापत असेल, तर एक्झॉस्टची सीट लवकर खाते.

मामा : याच्या पाकळ्यांत चिखल आणि पाचट बसलंय, ते मी आल्या आल्या बघितलं.

भाची : मग कारणही तुम्हीच सांगितलंत.

इंजिन आदल्या संध्याकाळी आणून ठेवलं होतं, रात्रभर गार झालं होतं. भाचीने आधी पाकळ्या ब्रशने साफ केल्या, टॅपेट कव्हरच्या भोवतीची घाण पुसून काढली आणि मगच कव्हरचे बोल्ट सोडले. नदीकाठची रेती एकदा रॉकरवर पडली की ती तेलाबरोबर सगळीकडे जाते. मग प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने अलगद फिरवता येतं.

मामा : गार, गार काय लावलंयस? इंजिन चालतं गरम. मग गरम असतानाच मोजावं ना.

भाची : पुस्तकातला आकडा गार इंजिनाचा आहे म्हणून. काही जुन्या मोटारींच्या पुस्तकांत गरम इंजिनाचे आकडे असत, तिथे गरम मोजायचं. अर्धवट तापलेल्या इंजिनावर मोजलं तर ना इकडचा आकडा ना तिकडचा. दुचाकी गॅरेजला आल्या आल्या टॅपेट उघडतात, तिथेच निम्मी चूक होते.

मामा : चल, टॉपवर आण.

भाची : आणते, पण या इंजिनात टॉप दोनदा येतो. एक कॉम्प्रेशनचा, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसरा एक्झॉस्ट संपताना येतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. त्या टॉपवर मोजणं म्हणजे चुकीच्या जागी मोजणं. म्हणून मी इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवते. तो खाली दाबला गेला आणि वर आला की त्याच्या पुढचा टॉप आपला. दोरीच्या पुलीवर त्रिकोणी खूण आहे, ती वरच्या भोकासमोर आली पाहिजे.

तिने दोरी हळूहळू ओढली. इनटेकचा रॉकर दबला, उठला, पिस्टन वर येऊ लागला. खूण भोकाच्या अलीकडेच होती तेव्हा ती थांबली आणि तिने एक्झॉस्टचा रॉकर बोटाने हलवून पाहिला. तो अजिबात हलला नाही.

मामा : थांब. इथे मोजू नकोस. या होंडाला डीकॉम्प्रेशन आहे. दोरी हलकी जावी म्हणून कॅमवरचा एक तुकडा पिस्टन वर येताना एक्झॉस्टला जरा उचलतो. टॉपच्या अलीकडे राहिलीस तर तोच रॉकर दाबून धरत असणार. तुला वाटेल टॅपेट घट्ट आहे.

भाची : हेच सांगणार होते, तुम्ही आधी सांगितलंत. आमच्याकडे मुलं इथेच फसतात. घट्ट दिसला म्हणून ढिला करतात, मग इंजिन वाजत बसतं.

मामा : आणि एक्झॉस्ट जास्त ढिला केला तर डीकॉम्प्रेशनला उचलायला काही उरत नाही. मग दोरी झटका देऊन बोटं मोडते. असे पंप आलेत माझ्याकडे.

भाचीने खूण भोकासमोर आणली आणि केसभर पुढे नेली. आता एक्झॉस्टचा रॉकर सुटा असायला हवा होता. तरीही तो हलत नव्हता. इनटेकचा मात्र बोटाखाली जाणवेल न जाणवेल इतका हलला.

मामा : हं. मग आहे काहीतरी. काढ तुझी पानं.

आता त्या पानांबद्दल दोन शब्द. फिलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा पंखा, प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. भाचीकडचा संच मिलिमीटर आणि इंच अशा दोन्ही खुणांचा आहे. त्यात 0.13, 0.15, 0.18, 0.20, 0.23 ही पानं ओळीने मिळतात, आणि या इंजिनासाठी ती मोठी सोयीची आहेत. 0.05 मिलिमीटरच्या टप्प्याने वाढणारा साधा संच घेतला तर 0.15 नंतर थेट 0.20 येतं आणि मधलं काही कळत नाही.

मामा : माझा आक्षेप मोजण्यालाच नाही, मोजणाऱ्याच्या हाताला आहे. तू म्हणतेस पान ‘थोडं अडून’ गेलं पाहिजे. तुझं थोडं आणि माझं थोडं एक कुठे आहे? शेडमधला पोरगा ताकदीने घुसवतो आणि म्हणतो, बरोबर आहे.

भाची : म्हणूनच मी एका पानावर विश्वास ठेवत नाही. इनटेकचं 0.15 आहे, 0.02 कमी-जास्त चालतं. म्हणजे 0.13 चं पान सहज गेलं पाहिजे आणि 0.18 चं गेलंच नाही पाहिजे. एक जातं, एक जात नाही. यात हाताच्या अंदाजाला जागा फार कमी राहते. एक्झॉस्टला 0.18 सहज जायला हवं आणि 0.23 अडायला हवं. त्या शेडमधल्या पोरालासुद्धा हे दोन प्रश्न विचारता येतात : हे गेलं का? ते अडलं का?

मामा : पान वाकडं घातलं तर?

भाची : तर कुठलंही पान अडेल. सरळ घालायचं, दांडीच्या शेंडीला समांतर. पान आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर तेलाचा थरही मोजला जातो. दोन-तीन पानं एकत्र धरून जाडी जुळवायची वेळ आली तर प्रत्येक दोन पानांच्या मधलं तेल पुसायचं. आणि रॉकर आणि व्हॉल्व्हच्या शेंडीच्या मध्येच घालायचं, पुशरॉडच्या बाजूला नाही.

मामा : आता माझं ऐक. रॉकरचं जे टोक शेंडीवर टेकतं, तिथे वर्षानुवर्षं घासून खड्डा पडतो. पान सपाट असतं. ते खड्ड्याच्या दोन काठांवर बसतं, तळाला जातच नाही. पान म्हणतं 0.15, खरी फट असते त्याहून मोठी. मग पुस्तकाप्रमाणे लावूनही टॅपेट वाजतो आणि तुम्ही शिकलेली माणसं म्हणता, आवाजाचं काही नाही, आकडा बरोबर आहे.

भाची : हे मी मान्य करते, पूर्ण मान्य. पान खड्डा मोजू शकत नाही. म्हणून आधी रॉकरच्या टोकावरून नख फिरवायचं. नख अडकलं, तर आधी रॉकर बदलायचा, मग मोजायचं.

मामांनी स्वतः नख फिरवून पाहिलं. दोन्ही रॉकर गुळगुळीत होते. मग त्यांनी संच हातात घेऊन 0.05 चं पान प्रकाशात धरलं, दुमडलंय का ते पाहिलं. सगळ्यात पातळ पान सगळ्यात आधी वाकतं आणि वाकलेलं पान खोटं बोलतं. ज्या शेडमध्ये मायक्रोमीटर आहे, तिथे वर्षातून एकदा पानांची जाडी तपासायला काही पैसे पडत नाहीत.

इनटेकला 0.13 चं पान मोकळं गेलं, 0.15 अडून गेलं, 0.18 शिरलं नाही. म्हणजे इनटेक ठीक. एक्झॉस्टला 0.18 तर सोडाच, 0.05 चं पानसुद्धा गेलं नाही.

मामा : एवढं घट्ट असून आवाज स्वच्छ.

भाची : एवढं घट्ट आहे म्हणूनच स्वच्छ.

मामा : व्हॉल्व्ह जळला असेल तर टॅपेट लावून उपयोग नाही, तूच म्हणालीस. आधी ते बघ. दोरी हळू ओढून सायलेन्सरपाशी फुस्स आवाज येतो का ते ऐकू?

भाची : याच्यात त्याने काही सिद्ध होणार नाही. हळू ओढली तर डीकॉम्प्रेशन एक्झॉस्ट उघडतंच, चांगल्या इंजिनातही फुस्स होणार. टॉपवर ठेवून प्लगच्या भोकातून हवा देऊ. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत.

कॉम्प्रेसरचा दाब कमी करून तिने हवा सोडली. हवेने पिस्टन खाली ढकलला जाऊन इंजिन फिरू नये म्हणून मामांनी फ्लायव्हील घट्ट धरलं. सायलेन्सरमधून सूं सूं आवाज स्पष्ट ऐकू आला. कार्बोरेटरच्या बाजूने काहीच नाही. म्हणजे गळती एक्झॉस्टलाच होती. आता प्रश्न एवढाच होता की ती रॉकरच्या दाबामुळे आहे, की व्हॉल्व्हच खराब झालाय.

या इंजिनात रॉकर एका खांबावर डुलतो. त्या खांबावर खाली रॉकरला टेकू देणारा नट आणि वर त्याला जखडणारा लॉकनट. भाचीने खालचा नट एका पान्याने धरला, दुसऱ्याने लॉकनट सोडला. खालचा नट आत घेतला की फट कमी, बाहेर घेतला की जास्त. तिने तो जरा बाहेर घेतला, 0.20 चं पान घालून ठेवलं, आणि पान हलकेच अडकेपर्यंत नट परत आत आणला.

मामा : आता लॉकनट आवळ. पण पान तसंच ठेव, आणि खालचा नट हलू देऊ नकोस. आवळताना फट हमखास बदलते. मी आधी जरा सैल लावतो आणि मग आवळतो.

भाची : तुमच्या हाताला तो बदल नेमका किती होतो ते माहीत आहे. मला नाही, म्हणून मी आवळून पुन्हा मोजते. पुस्तकात लॉकनटला 10 न्यूटन-मीटर दिलेत, फार नाही. जोर लावून आवळला की खांबाचे आटे जातात.

पहिल्यांदा आवळल्यावर 0.18 चं पान अडलं. तिने पुन्हा सोडला, अगदी थोडा फरक केला, पुन्हा आवळला. आता 0.18 सहज, 0.20 अडून, 0.23 नाही. मग इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवून त्याच टॉपवर परत आणलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह पुन्हा मोजले. दोन फेऱ्यांत पुशरॉड आपल्या जागी नीट बसतो. बसलेला नसेल तर पहिला आकडा फसवा असतो. आकडे तेच राहिले.

पुन्हा हवा दिली. सायलेन्सरमधला सूं सूं आवाज जवळजवळ थांबला. पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा क्रँककेसमध्ये जात होती. तेवढी चालू इंजिनात जातेच.

मामा : म्हणजे व्हॉल्व्ह वाचला.

भाची : आत्तापुरता. सीट खाल्ली गेलीय, ती भरून आलेली नाही. फक्त त्याला बसायला जागा मिळालीय. पन्नास तासांनी परत आणायला सांगा. तेव्हा फट परत कमी झालेली दिसली तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह दोन्ही बघावे लागतील. सारखी सारखी फट देत राहणं म्हणजे दुखणं झाकणं.

कव्हर नवीन पॅकिंग लावून बसवलं, प्लग लावला. दुसऱ्यांदा दोरी ओढताच इंजिन सुरू झालं. मामा वाकून रॉकरच्या बाजूला कान लावून उभे राहिले.

मामा : आता थोडा आवाज येतोय. टिक टिक.

भाची : येणारच. 0.20 ची फट आहे. तेवढी टिक टिक हवीच.

मामा : मला माहीत आहे. आधी त्या शेतकऱ्याने हा आवाज ऐकला असता तर मला म्हणाला असता, मिस्त्री, टॅपेट वाजतोय. आणि मी बंद करून दिला असता.

भाची : आणि जास्त सैल सोडला असता तर तेही बरोबर नव्हतं. कॅमला सुरुवातीला आणि शेवटी एक हलका उतार दिलेला असतो, म्हणजे व्हॉल्व्ह हळूच उचलला जावा आणि हळूच बसावा. फट त्या उताराहून मोठी झाली की व्हॉल्व्ह उतारावरून न येता उंचावरून पडल्यासारखा सीटवर आपटतो. त्यानेही सीट झिजते, शेंडी चेपते. आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर बंद होतो म्हणून जोर कमी पडतो. पण ते तुमच्या कानाला कळतं, म्हणून त्याची मला भीती नाही.

मामा : म्हणजे माझा कान फुकट नाही.

भाची : मुळीच नाही. खड्डा पडलेला रॉकर पान पकडत नाही, कान पकडतो. पण घट्ट टॅपेट कान पकडत नाही, पान पकडतं. आणि घट्ट टॅपेटच व्हॉल्व्ह जाळतो.

तासभर पंप चालवून तो तापल्यावर त्यांनी बंद केला आणि लगेच दोरी ओढली. पहिल्याच खेपेला उठला. मामांनी जॉबकार्ड मागून घेतलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं : इनटेक 0.15, एक्झॉस्ट 0.05 हून कमी होता, 0.20 केला, इंजिन गार. पुढची तपासणी पन्नास तासांनी. त्यांच्या शेडमधल्या जॉबकार्डावर टॅपेटपुढे आकडा लिहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. याआधी तिथे ‘टॅपेट ओके’ एवढंच असायचं.

या दोघांत माझा कौल भाचीला आहे, आणि तो मामांच्या आक्षेपांमुळेच आहे. टॉपच्या अलीकडे मोजू नये, खड्डा पडलेल्या रॉकरवर पान फसतं, वाकलेलं पान खोटं बोलतं, लॉकनट आवळताना फट बदलते, हे सगळं त्यांनीच दाखवून दिलं. यातला एकही आक्षेप मोजू नये असं म्हणत नाही, प्रत्येक आक्षेप नीट कसं मोजावं हे सांगतो. या इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे फट वर्षातून एकदा किंवा तीनशे तासांनी, जे आधी येईल तेव्हा तपासायची असते. मोजायला रात्रभर गार झालेलं इंजिन, नटांसाठी दोन पाने, फिलर गेजचा एक संच आणि अर्धा तास लागतो.

तुमची दुचाकी, पंप किंवा फवारणीचं इंजिन सर्व्हिसला द्यायचं असेल तर ते आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा आणि सकाळी गार असतानाच टॅपेट उघडायला सांगा. मिस्त्रीला ‘आवाज बंद करा’ असं म्हणू नका. पुस्तकातला आकडा काय आहे, मोजल्यावर किती निघाला आणि किती ठेवला, हे तीन आकडे बिलावर लिहून मागा.